नफा ६४०, शिल्लक ९०: एका दुकानाच्या वर्षाचा मेळ

हत्यारे, रंग आणि घरदुरुस्तीचे सामान विकणाऱ्या एका लहान दुकानाच्या मालकीणबाई वर्षअखेरीचे नफा-तोटा पत्रक आणि बँकेचा खातेउतारा घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि एकच प्रश्न विचारला. "यात लिहिले आहे की मला ६४० नफा झाला. मग तो आहे कुठे?" वर्षाच्या सुरुवातीला हिशेबवहीप्रमाणे बँकेत ४२० होते, अखेरीस ९० उरले होते. म्हणजे नफा ६४० झाला आणि त्याच वर्षात शिल्लक ३३० ने घटली. दोन्हींतील अंतर ९७० होते. (या लेखातील सर्व रकमा हजारांत आहेत. विक्रीवर गोळा केलेला कर सर्व आकड्यांतून वगळला आहे, आणि रोजचा गल्ला त्याच दिवशी बँकेत भरला जात असल्यामुळे हातातील रोकड वेगळी धरलेली नाही.)

त्यांच्या मनात शंका होती ती गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाबद्दल. ती त्यांनी उघडपणे बोलून दाखवली नाही, पण तो किती वर्षांपासून कामाला आहे हे त्यांनी न विचारताच दोनदा सांगितले. अशा वेळी आधी शंका निकालात काढावी लागते, कारण ती मनात असताना कोणतेही स्पष्टीकरण कानांवर पडत नाही. म्हणून आम्ही प्रथम बँकेचा मेळ घातला. खातेउताऱ्यात शिल्लक ११५ दिसत होती आणि वहीत ९०. पुरवठादारांना दिलेले ४० चे धनादेश अजून बँकेत वटले नव्हते, आणि अखेरच्या दिवशी भरलेले १५ अजून खात्यात जमा झाले नव्हते. वहीतील ९० मध्ये ४० मिळवून १५ वजा केले की ११५ येतात. त्यानंतर आम्ही वर्षातील कोणतेही २० दिवस निवडून त्या दिवसांची रोख विक्री, बिलपुस्तक आणि बँकेतील भरणा एकमेकांशी ताडून पाहिला. सर्व दिवस जुळले. निवडक दिवस जुळले म्हणजे वर्षभर काहीच घडले नाही असे सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितले. पण ९७० एवढी रक्कम गल्ल्यातून गेली असती तर तिच्या खुणा या २० दिवसांत नक्कीच दिसल्या असत्या. तेव्हा चोरीचा विषय आम्ही बाजूला ठेवला आणि हिशेबाकडे वळलो.

नफा-तोटा पत्रक असे होते. विक्री ६,०००. विकलेल्या मालाची खरेदी किंमत ४,२००, म्हणून ढोबळ नफा १,८००. त्यातून भाडे ३६०, पगार ४८०, वीज व किरकोळ खर्च १८०, घसारा ८० आणि कर्जावरील व्याज ६० वजा जाऊन निव्वळ नफा ६४०. पत्रकात गणिताची चूक नव्हती. मात्र यातील पहिल्याच दोन ओळी पैशांच्या येण्याजाण्याबद्दल काही सांगत नाहीत, आणि सगळा घोळ बहुतांशी तिथूनच सुरू होतो. विक्री ६,००० म्हणजे वर्षभरात एवढ्या मालाची बिले झाली. ग्राहकाने पैसे दिले की नाही, हे ती ओळ विचारत नाही. विकलेल्या मालाची किंमत ४,२०० म्हणजे जो माल दुकानाबाहेर गेला तेवढ्याचीच किंमत. दुकानात आलेला पण फळीवरच राहिलेला माल तिच्यात येत नाही.

"पण मी तर माल ४,९०० चा घेतला," त्या म्हणाल्या. त्यांना हा आकडा तोंडपाठ होता, कारण पुरवठादारांची प्रत्येक पावती त्या स्वतः तपासत असत. ४,९०० चा माल आला आणि त्यातून ४,२०० चा गेला, म्हणजे मालसाठा ७०० ने वाढला. वर्षाच्या सुरुवातीला तो ६०० होता, अखेरीस १,३०० झाला. हे ७०० नफ्यातून कुठेही वजा झालेले नाहीत, कारण हिशेबाच्या दृष्टीने तो खर्च नाही. पैशाच्या जागी माल आला एवढाच त्याचा अर्थ होतो. बँकेच्या दृष्टीने मात्र त्या मालाचे पैसे द्यावे लागतात.

त्यानंतर आम्ही नफ्यापासून शिल्लकीपर्यंतचा रस्ता एकेक पायरीने कागदावर मांडला:

निव्वळ नफा: ६४०
घसारा, ज्यात पैसा बाहेर जात नाही: +८०
मालसाठ्यात वाढ: −७००
ग्राहकांकडील उधारीत वाढ: −३३०
पुरवठादारांच्या देण्यात वाढ: +३१०
पुढील ३ महिन्यांचे आगाऊ भाडे: −९०
दुकान चालवण्यातून आलेली रोकड: −९०
नवे रॅक आणि रंग मिसळण्याचे यंत्र: −४००
मिळालेले कर्ज: +५००
कर्जाच्या मुद्दलाची परतफेड: −१००
मालकाची घरखर्चासाठी उचल: −२४०
शिल्लकीतील एकूण बदल: −३३०

तळाच्या ओळीत ३३० ची घट आली आणि ती बँकेच्या वहीशी जुळली. त्यावर विश्वास बसावा म्हणून तेच उत्तर आम्ही दुसऱ्या बाजूनेही काढले. ग्राहकांकडून प्रत्यक्षात ५,६७० आले. पुरवठादारांना ४,५९०, भाड्यापोटी ४५०, आणि पगार, किरकोळ खर्च व व्याज मिळून ७२० गेले. म्हणजे दुकान चालवताना ५,६७० आले आणि ५,७६० गेले, फरक पुन्हा −९०. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मधल्या नोंदींत चूक राहण्याची शक्यता फार कमी होते. ही पडताळणी मी कधीही टाळत नाही.

कागदाचा खालचा भाग समजावण्यास वेळ लागला नाही. रॅक आणि यंत्रासाठी ४०० एकदम गेले, पण ते ५ वर्षे वापरले जाणार असल्यामुळे नफ्यातून यंदा फक्त ८० घसारा वजा झाला. कर्ज मिळाले ते उत्पन्न नव्हे आणि मुद्दल फेडले तो खर्च नव्हे, नफ्यात येते ते केवळ व्याज. घरासाठी दरमहा काढलेले २० देखील दुकानाचा खर्च नाहीत, तो मालकाने आपल्याच भांडवलातून घेतलेला पैसा आहे. हे ऐकून त्या थोड्या सावरल्या, कारण यातील प्रत्येक निर्णय त्यांनी जाणूनबुजून घेतला होता आणि त्यातील एकही रक्कम त्यांना अनपेक्षित नव्हती.

त्यांना हलवून सोडले ते वरच्या भागाने. दुकान चालवण्यातून आलेली रोकड −९० आहे, एवढ्यावरच मी थांबू शकलो असतो, पण त्या आकड्याच्या आत पुरवठादारांचे ३१० लपलेले होते. वर्षाच्या सुरुवातीला पुरवठादारांचे देणे २९० होते, अखेरीस ते ६०० झाले. वर्षभराच्या ४,९०० च्या खरेदीशी तुलना केली तर ही साधारण ४५ दिवसांची खरेदी होते, आणि पुरवठादारांशी ठरलेली मुदत ३० दिवसांची होती. म्हणजे ही वाढ कोणी दिलेली सवलत नव्हती, ती उशिरा दिलेल्या पैशांतून तयार झाली होती. मी त्यांना विचारले, "शेवटच्या दोन महिन्यांत तुम्ही कोणाकोणाचे पैसे थांबवून ठेवलेत?" त्यांनी न पाहता चार नावे सांगितली. पुरवठादारांचे देणे जुन्याच पातळीवर राहिले असते, तर दुकान चालवण्यातून ९० ऐवजी ४०० ची तूट दिसली असती. हे ३१० उसने मिळालेले होते आणि पुढच्या वर्षी ते परत द्यावेच लागणार होते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, कारण शिल्लक ९० आहे असे म्हणताना त्यामागे कर्ज आणि थकलेली देणी उभी आहेत हे त्यातून दिसते.

मग आम्ही ७०० च्या मालसाठ्याकडे वळलो. वर्षभरात ४,२०० किमतीचा माल विकला जातो असे धरले, तर सुरुवातीचा ६०० चा साठा सुमारे ५२ दिवस पुरला असता. अखेरचा १,३०० चा साठा पुरायला ११३ दिवस लागतील. असे का झाले, हे शोधताना दहाव्या महिन्यातील एक मोठी खरेदी समोर आली. एका पुरवठादाराने ५०० चा रंग एकदम घेतल्यास ६ टक्के सूट देऊ केली होती आणि बाईंनी तो ४७० ला घेतला होता. "मी ३० वाचवले," असे त्या अजूनही म्हणत होत्या, आणि ते खरेही होते. पण त्या रंगाची नेहमीची विक्री पाहता तो संपायला १० महिने लागणार होते. साठा हळूहळू घटत जातो, म्हणून सरासरीने ही रक्कम ५ महिने अडकून राहते. बाईंच्या कर्जाचा दर १२ टक्के होता. त्याच दराने ४७० वर ५ महिन्यांचे व्याज २३.५ होते. म्हणजे प्रत्यक्षात वाचतात ते ६.५. आणि त्या मालातील २ टक्के जरी डबे गोठून, गळून किंवा मुदत संपून वाया गेले, तरी ९.४ जातात आणि सूट घेऊन तोटाच होतो. येथे एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. पैसा खरोखरच रिकामा पडून असता आणि त्यावर दुसरीकडे काही मिळत नसते, तर हे गणित वेगळे लागले असते. बाईंच्या बाबतीत तो पैसा रिकामा नव्हता, तो दुसऱ्या पुरवठादाराला द्यायचा राहिलेला पैसा होता.

उधारीची गोष्ट याहून साधी पण जास्त अवघडल्यासारखी होती. वर्षाच्या विक्रीपैकी २,४०० ची विक्री उधारीवर झाली होती, ती मुख्यत्वे बांधकामाची लहान कामे घेणाऱ्या कंत्राटदारांना. सुरुवातीला येणे १७० होते, अखेरीस ५०० झाले. २,४०० च्या उधार विक्रीशी तुलना केली तर सरासरी ७६ दिवस पैसे अडकले होते, बिलावर मात्र ३० दिवस छापलेले होते. मी प्रत्येक ग्राहकाचे येणे बिलाच्या तारखेप्रमाणे वेगळे करायला सांगितले: ३० दिवसांच्या आतले किती, ३१ ते ६० मधले किती, आणि त्यापुढचे किती. ही यादी करताना बाईंचा हात दोन नावांपाशी थांबला. त्या दोघांकडे मिळून ८० येणे होते, सहा महिन्यांहून जुने, आणि त्यातील एकाने काम अर्धवट टाकून फोन घेणेच बंद केले होते.

येथे प्रकरणाने वेगळे वळण घेतले. इतका वेळ आम्ही नफा बरोबर आहे असे गृहीत धरून पैसे कुठे अडकले ते शोधत होतो. ही दोन नावे पाहिल्यावर प्रश्न उलटला: नफा तरी ६४० आहे का? मी बाईंना दुकानातील माल प्रत्यक्ष मोजायला सांगितला आणि फळीवरील प्रत्येक वस्तूपुढे शेवटची विक्री कोणत्या महिन्यात झाली ते लिहायला सांगितले. या कामाला दुकान बंद ठेवून दोन दिवस लागले. वहीतील १,३०० पैकी १८० चा माल असा निघाला की ज्यातील रंग घट्ट झालेले होते किंवा हत्यारांचे नवे प्रकार आल्यामुळे जुन्यांना मागणी उरली नव्हती. बाईंच्या अनुभवाप्रमाणे तो सगळा मिळून फार तर ६० ला गेला असता.

मालसाठा खरेदी किंमत किंवा विकून हाती येऊ शकणारी किंमत, या दोहोंपैकी जी कमी असेल तिने दाखवायचा असतो. म्हणून १८० च्या जागी ६० लिहिले आणि नफ्यातून १२० वजा केले. जुन्या ८० च्या येण्यासाठी बुडीत होण्याची तरतूद केली. सुधारित नफा ४४० झाला. या दोन्ही बदलांनी बँकेतील शिल्लक तसूभरही हलली नाही, कारण तो पैसा आधीच गेलेला होता किंवा आलेलाच नव्हता. मेळाच्या कागदावर नफा २०० ने खाली आला आणि त्याचबरोबर मालसाठ्यातील वाढ ७०० वरून ५८० वर आणि उधारीतील वाढ ३३० वरून २५० वर आली. तळाची ओळ −३३० च राहिली.

"मग आधीचा आकडा खोटा होता का?" बाईंनी विचारले. तो खोटा नव्हता, पण तो काही अंदाजांवर उभा होता आणि ते अंदाज कोणी तपासलेले नव्हते. सगळा माल विकला जाईल, सगळे ग्राहक पैसे देतील, यंत्र बरोबर ५ वर्षे चालेल, अशा गृहीतकांवर नफ्याचा आकडा तयार होतो. बँकेतील शिल्लक अशा गृहीतकांपासून मुक्त असते. पण म्हणून शिल्लक हेच धंद्याचे खरे मोजमाप असेही मी म्हणणार नाही, कारण पुरवठादारांना आणखी महिनाभर थांबवले असते तर ती सहज वाढलेली दिसली असती. हा सुधारित आकडा कर ठरवण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा होता. कर नफ्यावर बसतो आणि भरायचा असतो रोख पैशांतून. बुडणाऱ्या येण्यासाठी केलेली तरतूद करासाठी मान्य होईल की प्रत्यक्ष बुडीत लिहिल्यावरच होईल, हे प्रत्येक ठिकाणच्या नियमांवर अवलंबून असते. म्हणून तेवढा भाग मी त्यांच्या करसल्लागारावर सोपवला.

पुढच्या तिमाहीत बाईंनी तीनच गोष्टी बदलल्या. संथ विकल्या जाणाऱ्या मालाची खरेदी थांबवली आणि त्यातला जुना माल कमी भावाने काढला. ज्या कंत्राटदाराचे ४५ दिवसांपूर्वीचे बिल थकलेले असेल त्याला नवा माल रोखीनेच द्यायचा, असा नियम केला. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती: थांबवून ठेवलेल्या पुरवठादारांना ठरलेल्या हप्त्यांनी पैसे देणे. त्यांपैकी एकाने आधीच भाव वाढवून लावायला सुरुवात केली होती. उशिरा पैसे देण्याची किंमत बिलावर वेगळी छापलेली नसते, ती अशी भावातून वसूल होते.

तिमाही संपली तेव्हा बाईंनी हा कागद स्वतः तयार करून आणला. नफा १०५ होता. घसाऱ्याचे २० मिळाले, मालसाठा १९० ने घटला, उधारी १२० ने घटली. पुरवठादारांचे देणे १५० ने कमी केले, मुद्दलाचे २५ फेडले आणि घरासाठी ६० घेतले. भाडे पूर्वीप्रमाणेच तीन महिने आगाऊ दिल्यामुळे त्या ओळीत बदल नव्हता. शिल्लक २०० ने वाढून २९० झाली होती. या वेळी अंतर उलट दिशेने होते, शिल्लकीतील वाढ नफ्याच्या जवळजवळ दुप्पट होती. मला वाटले होते की त्या समाधानाने हसतील, पण त्यांनी मालसाठ्याच्या १९० वर पेन्सिलीने गोल केला.

"हा साठा एकदाच एवढा उतरणार," त्या म्हणाल्या. "पुढच्या तिमाहीत तो उतरला नाही आणि उधारीही आहे तिथेच राहिली, तर शिल्लक किती वाढेल?" आम्ही दोन्ही ओळींत शून्य घालून पाहिले. पुरवठादारांचे देणे ६०० वरून ४५० वर आले होते. ३० दिवसांच्या मुदतीच्या हिशेबाने ते ४०० च्या आसपास यायला हवे होते, म्हणजे आणखी ५० द्यायचे. नफा पुन्हा १०५ च राहिला, तर घसाऱ्याचे २० मिळवून आणि ५०, २५ व ६० वजा करून ते उत्तर −१० येत होते. घरासाठी दरमहा २० काढत राहायचे की ते २० वरून १५ वर आणायचे, हे त्यांना त्याच संध्याकाळी ठरवायचे होते.